होडी मागे जाते तेव्हा ऊर्जेचं काय होतं?

गेल्या मे महिन्यात माझा भाचा मालवणच्या धक्क्यावर पाण्यात पडला. मुंबईचा मुलगा, नुकतीच अकरावीची परीक्षा दिलेला, पोहता येतं म्हणून घाबरलं कुणी नाही. फेरफटका मारून आमची होडी परत आली होती. भरती असल्यामुळे होडीची फळी आणि धक्का जवळजवळ एका पातळीत होते आणि मधे पाणी होतं जेमतेम मीटरभर. दोरी अजून टाकायची होती. तेवढ्यात हा उठला, फळीवर पाय रोवला आणि उडी मारली. होडी मागे सरकली, त्याची बोटं धक्क्याच्या कडेला लागली आणि बाकीचा सगळा तो खाली गेला. म्हाताऱ्या तांडेलाने त्याला दंडाला धरून वर काढताना एवढंच विचारलं, "होडी म्हणजे काय तुझा खळा आसा?"

संध्याकाळी पडवीत केस पुसत बसलेला असताना त्याचा खरा प्रश्न आला. "मामा, घराच्या ओट्यावरून मी मीटरभर सहज जातो. मग इथे कमी का पडलो? होडी मागे गेली ती मी उडी मारल्यावर ना? मी तर तेव्हा हवेत होतो."

प्रश्न चांगला होता. संवेग अक्षय्यतेचा नियम त्याला तोंडपाठ होता, गणितंही सुटत होती, पण नियमाने त्याचे साठ रुपयांचे भिजलेले वेफर्स काही वाचवले नव्हते. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी कॅरम खेळताना आमचं जे बोलणं झालं, तेच इथे जरा नीट मांडतो. आकडे सोपे जावेत म्हणून मुलाचं वजन ५० किलो धरू आणि होडीचं १५० किलो. तांडेल आणि मी आधीच उतरलो होतो, त्यामुळे होडी रिकामीच होती.

मुलाने होडीला मागे ढकललं, होडीने मुलाला पुढे ढकललं. ही दोन्ही बलं सारखी आणि उलट दिशेची, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमातलं. त्यात एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. दोन्ही बलं अगदी तेवढाच वेळ टिकतात. पाय फळीवर टेकलेला असेतोवर दोन्ही आहेत, पाय सुटला की दोन्ही संपली. सारखं बल, सारखा वेळ, म्हणून बल गुणिले वेळ हा गुणाकारही दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. या गुणाकाराने जे बदलतं त्याला संवेग म्हणतात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मुलाला पुढच्या दिशेने जेवढा संवेग मिळाला तेवढाच होडीला मागच्या दिशेने मिळाला. आधी दोघंही स्थिर होते, एकूण संवेग शून्य होता, नंतरही बेरीज शून्यच.

समजा मुलगा धक्क्याच्या दिशेने ३ मीटर/सेकंद वेगाने सुटला. त्याचा संवेग ५० × ३ = १५०. होडीचाही १५० हवा, पण उलट दिशेचा. होडी तिप्पट जड, म्हणून तिचा वेग एकतृतीयांश, १ मीटर/सेकंद मागे. यालाच पुस्तकात प्रतिक्षेप वेग म्हणतात. (संवेगाचं एकक किलोग्रॅम गुणिले मीटर प्रति सेकंद आहे. घाईत ते किलोमीटर वाचणारी मुलं मला दर वर्षी भेटतात, म्हणून पुढे मी नुसता आकडाच देतो.)

इथपर्यंत भाच्याला सगळं येत होतं. अडलं ते पुढे, ऊर्जेपाशी. बल सारखं होतं, वेळ सारखा होता, पण अंतर सारखं नव्हतं. पाय फळीला रेटत असताना मुलगा जितका पुढे गेला त्याच्या एकतृतीयांशच होडी मागे सरकली. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि कार्यातून येते ती गतिज ऊर्जा. त्यामुळे संवेगाची वाटणी सारखी झाली तरी ऊर्जेची होत नाही. मुलाची गतिज ऊर्जा ½ × ५० × ३² = २२५ ज्यूल. होडीची ½ × १५० × १² = ७५ ज्यूल. एकूण ३०० ज्यूल, आणि ते सगळे एकाच ठिकाणाहून आले, मुलाच्या मांड्यांतून.

आता ओट्याशी तुलना करू. ओट्यावरून ३ मीटर/सेकंद वेगाने सुटायला त्याला फक्त २२५ ज्यूल लागतात, कारण ओटा मागे जात नाही, काही घेत नाही. होडीवरून त्याच वेगाने सुटायचं तर ३०० लागतात. पायांना तर सवय ओट्याची. त्यांनी नेहमीसारखाच जोर लावला, २२५ ज्यूलचा, आणि त्यातला पाव हिस्सा होडी घेऊन गेली. वजनं एकास तीन असली की ऊर्जेची वाटणी तीनास एक होते, हलक्याला जास्त. मुलाच्या वाट्याला साधारण १६९ ज्यूल आले. त्यातून वेग निघतो सुमारे २.६ मीटर/सेकंद.

मुलगा हवेत साधारण ०.४ सेकंद होता असं धरू. ओट्यावरून ३ × ०.४ = १.२ मीटर. होडीवरून २.६ × ०.४ = १.०४ मीटर. "मग पोचायला हवं होतं," भाचा लगेच म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. पण उडीआधी शरीर पुढे झुकवत पाय ताणताना होडी पायाखालून मागे जात होतीच. शरीर आणि फळी यांच्यातलं अंतर त्या रेट्यात ४० सेंटीमीटर वाढलं असेल, तर त्यातले ३० मुलाने पुढे कापले आणि १० होडीने मागे. म्हणजे पाय सुटला तेव्हाच तो ओट्याच्या हिशोबापेक्षा १० सेंटीमीटर मागे होता. १.०४ मधून ०.१० गेले, उरले ०.९४ मीटर. मधलं पाणी १ मीटर. सहा सेंटीमीटर कमी पडले, म्हणूनच बोटं लागली आणि तळवा नाही.

हे सहा सेंटीमीटर मी काही मोजलेले नाहीत. पाय दर वेळी बरोबर २२५ ज्यूल देत नाहीत, शिवाय होडी खालीही दबते आणि वरच्या दिशेचा जोर थोडा वाया जातो, तो मी हिशोबात घेतलेला नाही. पण त्याच्या "मी तर तेव्हा हवेत होतो" याचं उत्तर या आकड्यांत आहे. होडी मागे जायला लागली ती उडीच्या नंतर नाही, उडी मारतानाच. डोळ्यांना ती नंतर दिसते एवढंच.

मालवणच्या धक्क्यावरून समोर सिंधुदुर्ग दिसतो, त्यामुळे विषय तोफांकडे जाणारच होता. तोफेचं गणित म्हणजे हेच, फक्त वजनांतला फरक प्रचंड. ४ किलोचा गोळा ३०० मीटर/सेकंद वेगाने सुटला आणि तोफ गाड्यासकट १००० किलोची असली, तर गोळ्याचा संवेग १२०० आणि तोफेचाही १२००, म्हणून तोफ १.२ मीटर/सेकंद वेगाने मागे येते. ऊर्जा पाहिली तर गोळ्याकडे १,८०,००० ज्यूल आणि तोफेकडे ७२०. अडीचशेपट फरक. दोघांचा संवेग सारखा असूनही गोळा समोरची भिंत फोडतो आणि तोफेला मागे चार माणसं दोरखंडांनी आवरू शकतात, ते या फरकामुळे. तीच तोफ दीडशे टनांच्या गुराबेच्या, म्हणजे जुन्या लढाऊ जहाजाच्या, नाळेवर पक्की बांधलेली असेल तर १२०० चा संवेग सगळ्या गुराबेला वाटला जातो आणि ती सेकंदाला ८ मिलिमीटर मागे सरकते. खऱ्या तोफेचा झटका या हिशोबापेक्षा थोडा जास्त असतो, कारण दारूचा पेटलेला वायूही पुढे सुटतो आणि त्याचाही संवेग कुणीतरी मागे भरून द्यावा लागतो.

आता होडीकडे परत येऊ, पण उलट्या दिशेने. समजा होडी स्थिर आहे आणि मुलगा धक्क्यावरून धावत येऊन ४ मीटर/सेकंद वेगाने तिच्यात उडी घेतो. पाय घसरत नाहीत, तो फळीवर थांबतो आणि मग दोघं एकत्र पुढे जातात. किती वेगाने?

भाच्याने कागद ओढला आणि लिहिलं ते असं. मुलाची ऊर्जा ½ × ५० × ४² = ४०० ज्यूल. तीच आता २०० किलोंना मिळणार. ½ × २०० × v² = ४००, म्हणून v = २ मीटर/सेकंद. आकडा इतका गोल आला की त्याला शंकाच आली नाही.

मी म्हटलं, संवेग बघ. आधी ५० × ४ = २००. नंतर २०० × २ = ४००. उडी मारून आत पडताना संवेग दुप्पट झाला? कुणी ढकललं? मुलाने फळी पुढे रेटली तेवढंच फळीने मुलाला मागे रेटलं. दोघांच्या मिळून संवेगात त्यातून काहीच भर पडू शकत नाही. तेव्हा नंतरही २००च हवा, वजन २०० किलो, म्हणून वेग १ मीटर/सेकंद. भाच्याचं उत्तर बरोबर दुप्पट होतं.

आणि ऊर्जा? नंतरची गतिज ऊर्जा ½ × २०० × १² = १०० ज्यूल. चारशेतले तीनशे गेले. तीन चतुर्थांश!

"गेले कुठे?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि उत्तर म्हणून "उष्णतेत" असं एका शब्दात सांगून मोकळं होण्याचा मोह मलाही होतो. इथे जरा बघू. मुलाचे गुडघे वाकले, स्नायूंनी ताण धरून शरीर थांबवलं, त्यात बरीचशी गेली. फळ्या करकरल्या. होडी हलली, पाणी उसळलं. शेवटी याची उष्णताच होते, पण हाताला कळणार नाही इतकी थोडी. ३०० ज्यूलमध्ये सुमारे ७२ ग्रॅम पाणी एका अंशाने तापतं. कटिंग चहाच्या ग्लासातलं पाणी एका अंशाने! ऊर्जा "गायब" झाल्यासारखी वाटते ती यामुळे. गतीच्या रूपात ती चांगली जाणवते आणि उष्णतेच्या रूपात लक्षातही येत नाही.

अशी टक्कर, जिच्यानंतर दोन्ही वस्तू एकाच वेगाने एकत्र जातात, ती पूर्ण अस्थितिस्थापक. नाव लांबलचक आहे, पण गणित सगळ्यात सोपं हिचंच. एकच अज्ञात वेग, एकच समीकरण. गोंधळ होतो तो वर दिसला तसा, ऊर्जेचं समीकरण घाईने आत घुसवल्यामुळे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पहिल्या उडीत मुलगा ३ ने पुढे आणि होडी १ ने मागे गेली होती. म्हणजे एकमेकांपासून ते ४ मीटर/सेकंद वेगाने लांब गेले आणि त्यासाठी पायांनी ३०० ज्यूल दिले. दुसऱ्या उडीत ते एकमेकांजवळ ४ मीटर/सेकंद वेगाने आले आणि ३०० ज्यूल हरवले. तेच ४, तेच ३००.

हा योगायोग नाही. दुसरी उडी शेजारून १ मीटर/सेकंद वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या होडीतून बघतोय असं समजा. त्या होडीतल्या माणसाला धावत येणारा मुलगा ३ ने येताना दिसेल, आणि स्थिर होडी १ ने उलटी येताना दिसेल. दोघं भेटतील आणि त्याच्या लेखी जागच्या जागी थांबतील. बरोबर पहिल्या उडीचं चित्रीकरण उलटं चालवल्यासारखं. त्याच्या दृष्टीने सुरुवातीला २२५ आणि ७५ मिळून ३०० ज्यूल होते आणि शेवटी शून्य. म्हणजे त्याने सगळीच ऊर्जा गेलेली पाहिली, धक्क्यावरच्या माणसाने चारशेपैकी तीनशे गेलेली पाहिली, पण गेलेला आकडा दोघांचाही ३००.

म्हणजे धक्क्यावरून मोजलेल्या ४०० ज्यूलचे मुळातच दोन भाग होते. १०० ज्यूल मुलगा आणि होडी मिळून जे पुढे जात होते त्या एकत्रित गतीचे. त्यांना टक्कर हात लावू शकत नाही, कारण ते काढून घ्यायचे तर एकूण संवेग बदलावा लागेल. उरलेले ३०० दोघांच्या एकमेकांकडे येण्याचे. हरवू शकतात ते एवढेच. टक्कर कितीही मऊ, कितीही चिकट असो, याहून एक ज्यूलही जास्त जात नाही. "पूर्ण अस्थितिस्थापक" या शब्दांमुळे सगळी गतिज ऊर्जा संपते असं वाटतं, तसं नाही. एकमेकांकडे येण्याची तेवढी सगळी संपते.

मग ही तीनशेची रक्कम परत मिळाली तर? त्यासाठी कॅरम.

आमच्याकडे मे महिन्यात आणि गणपतीत कॅरम बोर्ड माळ्यावरून खाली येतो, बल्ब त्याच्यावर बरोबर मधोमध टांगला जातो आणि पावडर सांडून वहिनींची बोलणी खाणं सुरू होतं. स्ट्रायकर नियमाने जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, आपण ५ धरू. पुन्हा तीनास एक, पण या वेळी जड वस्तू हलक्याला मारणार आहे.

स्ट्रायकर २ मीटर/सेकंद वेगाने येऊन थांबलेल्या सोंगटीला अगदी समोरासमोर लागतो. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक आहे असं क्षणभर मानू, म्हणजे गतिज ऊर्जा जराही हरवत नाही. आता दोन अज्ञात वेग आहेत, स्ट्रायकरचा v₁ आणि सोंगटीचा v₂, म्हणून दोन समीकरणं लागतील. पहिलं नेहमीचं संवेगाचं. वजनं ग्रॅममध्येच ठेवली तरी चालतात, दोन्ही बाजूंना ग्रॅमच आहेत:

१५ × २ = १५ × v₁ + ५ × v₂, म्हणजे ३v₁ + v₂ = ६

दुसरं समीकरण म्हणून मुलं ऊर्जेचं लिहितात. ते चुकीचं नाही, पण त्यात वर्ग येतात आणि परीक्षेत हात गुंततात. त्याच अर्थाचं एक साधं वाक्य आहे. टक्कर स्थितिस्थापक असेल तर वस्तू ज्या वेगाने जवळ आल्या त्याच वेगाने एकमेकींपासून लांब जातात. जवळ येण्याचा वेग होता २, तेव्हा

v₂ − v₁ = २

पहिल्यातून दुसरं वजा केलं की ४v₁ = ४. स्ट्रायकर १ मीटर/सेकंद वेगाने पुढेच चालत राहतो आणि सोंगटी ३ मीटर/सेकंद वेगाने सुटते. सोंगटी स्ट्रायकरच्या टकरीआधीच्या वेगाच्या दीडपट वेगात गेली, हे भाच्याला आधी खोटं वाटलं. ऊर्जा तपासू, त्यासाठी मात्र ग्रॅमचे किलो करायला हवेत. आधी ½ × ०.०१५ × २² = ०.०३० ज्यूल, म्हणजे ३० मिलिज्यूल. नंतर स्ट्रायकरचे ७.५ आणि सोंगटीचे २२.५, बेरीज ३०. जमलं.

हे असं का होतं ते पुन्हा शेजारून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं की लख्ख दिसतं. स्ट्रायकर आणि सोंगटी चिकटली असती तर दोघं १५ × २ ÷ २० = १.५ मीटर/सेकंद वेगाने गेली असती. त्याच वेगाने एक मुंगी बोर्डावरून जातेय असं समजा (मुंगी फारच वेगवान आहे, मान्य). तिला स्ट्रायकर ०.५ ने येताना दिसतो आणि सोंगटी १.५ ने उलटी येताना. स्थितिस्थापक टकरीत दोघांनी काय केलं, तर मुंगीच्या नजरेत फक्त दिशा बदलली. स्ट्रायकर ०.५ ने मागे, सोंगटी १.५ ने पुढे. त्यात मुंगीचा स्वतःचा १.५ मिळवा, आले १ आणि ३. चिकटण्याच्या टकरीत मुंगीला दोघंही थांबलेले दिसले असते.

खरा स्ट्रायकर या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. टकरीचा आवाज होतो, सोंगटी किंचित दबून परत येताना थोडी तापते. जवळ येण्याच्या वेगापैकी किती वेग परत मिळाला, या गुणोत्तराला e हे अक्षर वापरतात. पूर्ण स्थितिस्थापक असेल तर e = १, चिकटलं तर e = ०. समजा आपल्या बोर्डावर e = ०.८ आहे. समीकरण एवढंच बदलतं: v₂ − v₁ = ०.८ × २ = १.६. आता ४v₁ = ४.४, म्हणून स्ट्रायकर १.१ आणि सोंगटी २.७. संवेग ३ × १.१ + २.७ = ६, अजूनही जागच्या जागी. ऊर्जा ९.०७५ आणि १८.२२५ मिळून २७.३ मिलिज्यूल. तीसपैकी २.७ गेले, शेकडा नऊ.

आणि चिकटलेच असते तर? ½ × ०.०२० × १.५² = २२.५ मिलिज्यूल उरले असते, ७.५ गेले असते, शेकडा पंचवीस. होडीत मात्र शेकडा पंचाहत्तर गेले होते. फरक टकरीच्या प्रकाराचा नाही, ती दोन्हीकडे पूर्ण अस्थितिस्थापकच. फरक आहे कोण कुणावर आदळलं त्याचा. थांबलेल्या वस्तूचा एकूण वजनातला वाटा जेवढा, तेवढाच भाग जाऊ शकतो. होडी २०० पैकी १५० होती, सोंगटी २० पैकी ५.

भाच्याने मधेच एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर सरळ मारून पाहिली. मारलेली जवळजवळ जागेवर थांबली आणि दुसरी गेली. सारख्या वजनांत वेगांची अदलाबदल होते, हे वरच्या दोन समीकरणांत वजनं सारखी घातली की एका ओळीत निघतं.

उत्तर चुकलं हे ओळखायला मी मुलांना एकच तपासणी सांगतो. टकरीनंतरचा लांब जाण्याचा वेग भागिले आधीचा जवळ येण्याचा वेग काढा. तो शून्य ते एकच्या दरम्यान हवा. एकाहून जास्त आला तर कुठून तरी ऊर्जा आत आली आहे. तोफेत दारू असते, उडीत पाय असतात, पण नुसत्या टकरीत काहीच नसतं, तेव्हा गणितात चूक आहे. ऋण आला तर स्ट्रायकर सोंगटीच्या आरपार गेला आहे.

भाच्याने अगदी अशीच चूक केली. स्ट्रायकर १ ने "मागे" येतो असं घेऊन त्याने ६ = −३ + v₂ मधून सोंगटीचा वेग ९ काढला. संवेग बिनचूक जुळत होता. पण लांब जाण्याचा वेग १०, जवळ येण्याचा २. भागाकार ५! सोंगटीत बॉम्ब असल्याशिवाय हे शक्य नाही. नुसता संवेग जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नये ते यासाठी. संवेगाचं समीकरण कितीतरी अशक्य उत्तरांनाही होकार देतं.

मग त्याने स्ट्रायकर बोर्डाच्या कडेला मारला. तो टक्कन उलटा आला. "मामा, आधी संवेग तिकडे होता, आता इकडे. इथे कुठे टिकला?" स्ट्रायकरपुरतं पाहिलं तर नाहीच टिकला. कड बोर्डाला जोडलेली, बोर्ड स्टुलावर, स्टूल जमिनीवर. बदललेला संवेग त्या वाटेने जमिनीत गेला. नियम लागू करायचा तर आधी मनात एक रेघ मारावी लागते, काय आत आणि काय बाहेर. रेघेच्या बाहेरून कुणी ढकलत असेल तर आतला संवेग बदलणारच. बोर्डाचं घर्षणही बाहेरूनच येतं, पण टक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपते आणि तेवढ्यात घर्षणाला फारसं काही करता येत नाही. म्हणून टकरीच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे वेग घ्यायचे. स्ट्रायकर हातातून सुटतानाचा वेग घेतला आणि तो अर्धा बोर्ड घासत आला असेल, तर गणित जुळणार नाही. होडीत आणि पाण्यातही तसंच. पाणी होडीला अडवतं, पण उडीच्या क्षणभरात थोडंच.

आणि तोफ तिरपी उडवली तर? मग आडव्या दिशेचा संवेगच जुळवायचा. खालच्या दिशेचा झटका जमीन किंवा डेक घेतो, आणि ते आपल्या रेघेबाहेर.

परत जायच्या आदल्या दिवशी भाचा पुन्हा होडीत बसला. परतताना तांडेलाने आधी दोरी टाकली, धक्क्यावरच्या पोराने ती खुंट्याला आवळली, आणि मग भाच्याकडे बघून तो म्हणाला, "आता मार काय ती उडी." दोरी ताणलेली होती. होडीला मागे जायला वाव नव्हता, म्हणजे दोरीतून ती धक्क्याला आणि धक्क्यातून सगळ्या पृथ्वीला जोडलेली होती. मुलाचा संवेग १५० पुढे, पृथ्वीचा १५० मागे. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलो, तेव्हा तिचा प्रतिक्षेप वेग २.५ × १०⁻²³ मीटर/सेकंद, आणि तिच्या वाट्याची ऊर्जा जवळजवळ शून्य. पायांचे २२५ ज्यूल सगळेच्या सगळे त्याचे. मधे पाणी तेवढंच होतं, मीटरभर. तो कडेच्या पुढे वीतभर आत उतरला आणि वेफर्सचं पाकीट कोरडं होतं.